डिव्हिडंड डिस्काउंट मॉडेल: शीटमध्ये शेअरची किंमत उणे ३७१ आली, आता काय? (या चुका टाळा)

माझ्या आतेभावाने मागे एक गूगल शीट पाठवली, सोबत मेसेज, "दादा, आयटीसीची व्हॅल्यू उणे ३७१ रुपये येतेय, म्हणजे शेअर घेतला की कंपनीलाच पैसे द्यायचे का?" हसू आलं, पण खरं सांगायचं तर ही शीट पहिल्यांदा बनवणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी असंच होतं. कुणाची किंमत उणे येते, कुणाची अठ्ठावीस रुपये येते, कुणाला #DIV/0! दिसतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाचं उत्तर बरोब्बर बाजारभावाला जुळतं आणि तो खूश होऊन गप्प बसतो. त्या शेवटच्या प्रकाराकडे नंतर येतो.

त्याचीच शीट घेऊन एकेक चूक काढत गेलो ते इथे लिहितोय. आयटीसी घेतलं कारण ही कंपनी नफ्यातला मोठा वाटा दरवर्षी वाटून टाकते, म्हणजे हे मॉडेल जिथे लावावं अशी ती कंपनी आहे. घ्या किंवा विका असं काही सांगत नाहीये, आणि बाजारभाव म्हणून २०२५ च्या मधल्या महिन्यांतला साधारण ४१५ धरलाय.

मॉडेल एवढंच आहे: शेअर कायम ठेवला तर हातात काय येणार, तर डिव्हिडंड. पुढचे सगळे डिव्हिडंड आजच्या किमतीत आणून बेरीज करायची. डिव्हिडंड दरवर्षी एकाच दराने वाढतो असं धरलं तर ती लांबलचक बेरीज एका ओळीत मावते, यालाच गॉर्डन मॉडेल म्हणतात:

```
P = D0 * (1 + g) / (r - g)
```

P म्हणजे शेअरची किंमत, D0 म्हणजे गेल्या पूर्ण वर्षाचा डिव्हिडंड, g म्हणजे तो दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल, आणि r म्हणजे हा शेअर ठेवायचा तर तुम्हाला वर्षाला किती परतावा हवा. आजच्या किमतीत आणायचं म्हणजे दर वर्षासाठी एकदा 1 + r ने भागायचं.

आता दोन बारीक चुका आधी संपवतो. एक, वर (1 + g) लावायचं विसरणं. सूत्राला पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड लागतो, गेल्या वर्षीचा नाही, विसरलात तर उत्तर जवळजवळ g एवढ्या टक्क्यांनी कमी येतं. दुसरी, सेलमध्ये ७% ऐवजी नुसतं ७ टाइप करणं. १४.३५ चा डिव्हिडंड, r ११ आणि g ७ असं टाकलं की उत्तर येतं २८.७, आणि टक्क्याचं चिन्ह लावलं की तेच ३८३.८६ होतं. तुमची किंमत डिव्हिडंडच्या दुप्पट-तिप्पटच येत असेल तर दुसरं काही शोधू नका, हेच झालंय.

उणे किंमत: g कुठल्या वर्षापासून मोजला?

भावाने २०१८-१९ चा डिव्हिडंड घेतला, ५.७५ रुपये, आणि २०२४-२५ चा, १४.३५ रुपये. सहा वर्षांत अडीच पट, म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्के वाढ. r त्याने १२% धरला होता. खाली १२ वजा १६.५, उणे साडेचार टक्के, आणि उत्तर उणे ३७१. शीटने गणित बरोबरच केलं. g जर r पेक्षा मोठा असेल तर पुढचा प्रत्येक डिव्हिडंड आजच्या किमतीत आणल्यावर आधीच्यापेक्षा मोठा निघतो, त्या बेरजेला शेवटच नाही, आणि मग सूत्राला काही अर्थ उरत नाही.

इथे बरेच जण काय करतात, r वाढवून १८ करतात म्हणजे उत्तर अधिक येतं. असं करू नका! चूक r मध्ये नव्हतीच.

आयटीसीचे आकडे नीट बघा. २०१८-१९ ला ५.७५, आणि पुढच्याच वर्षी, २०१९-२० ला, थेट १०.१५. मग १०.७५, ११.५०, नंतर एक विचित्र वर्ष (ते पुढे सांगतो), मग १३.७५ आणि १४.३५. म्हणजे सगळी उडी एकाच वर्षात आहे. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड डिस्ट्रिब्युशन टॅक्स रद्द झाला, तोपर्यंत कंपनी डिव्हिडंड देताना वरून सरकारला टॅक्स भरायची, आता तो भार शेअरहोल्डरच्या स्लॅबवर गेला आणि कंपनीकडे वाटायला जास्त पैसे राहिले. आणि त्याच सुमारास कंपनीने नफ्याच्या ८० ते ८५ टक्के वाटायचं धोरण जाहीर केलं, आधी हा वाटा ५५ टक्क्यांच्या जरा वर होता. कंपनीची वाढ नाही ती, वाटणीची पद्धत बदलली.

हे पकडायचं कसं, तर डिव्हिडंडच्या रांगेखाली ईपीएसची रांग लावा. २०१८-१९ ला प्रति शेअर नफा १० रुपयांच्या थोडा वर होता, २०२४-२५ ला चालू धंद्यातून साधारण १६. सहा वर्षांत वर्षाला आठ टक्केसुद्धा नाही. डिव्हिडंड साडेसोळाने वाढला आणि नफा आठने, तर मधला सगळा फरक वाटा वाढवण्याचा आहे, आणि वाटा शंभर टक्क्यांच्या वर कायमचा जाऊ शकत नाही. उडीनंतरचं वर्ष धरून मोजलं, १०.१५ ते १४.३५, पाच वर्षं, तर वाढ ७.२ टक्के येते. हा आकडा निदान वेडा नाही.

D0 मध्ये नेमकं काय भरलं?

मी म्हटलं ठीक, आता परत कर. तर त्याने मधल्या वर्षाचा आकडा उचलला, २०२२-२३, कारण त्याच्या मते "तोच सगळ्यात भारी आहे". त्या वर्षी १५.५० रुपये मिळाले. पण त्यात ६ रुपये इंटेरिम, ६.७५ फायनल आणि २.७५ स्पेशल डिव्हिडंड होता. स्पेशल म्हणजे दिवाळीचा बोनस, तो पगारात धरून होम लोनचा हप्ता ठरवत नाहीत. १५.५० धरलं तर वाढ आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के दिसते आणि पुढच्या वर्षी ११ टक्के घट. स्पेशल बाजूला काढा, १२.७५ ठेवा, रांग एकदम शहाणी होते: १०.१५, १०.७५, ११.५०, १२.७५, १३.७५, १४.३५. आणि सूत्रात ते २.७५ किती फुगतात बघा, r ११ आणि g ७ असताना D0 मधला प्रत्येक रुपया किमतीत पावणेसत्तावीस रुपये होतो, म्हणजे एकदाच मिळालेल्या २.७५ ने किंमत ७३ रुपयांनी वर जाते.

दुसरी गडबड बोनस शेअरची. २०१६ ला आयटीसीने दोन शेअरमागे एक बोनस दिला. जुन्या बातम्यांतून आकडे जमवले तर २०१५-१६ ला ८.५० आणि २०१६-१७ ला ४.७५ दिसतं, माणूस घाबरतो की डिव्हिडंड अर्धा केला की काय. प्रत्यक्षात ८.५० मधले २ रुपये स्पेशल होते, उरले ६.५०, त्याला दीडने भागलं की ४.३३. म्हणजे ४.३३ वरून ४.७५, चांगली वाढ. बोनस किंवा स्प्लिटच्या आधीचे सगळे आकडे त्या प्रमाणात भागून घ्यायचे, त्याशिवाय g मोजायलाच बसायचं नाही.

टक्क्यांची एक जुनी फसगत पण आहे. "७८५% डिव्हिडंड जाहीर" अशी बातमी येते, तो टक्का फेस व्हॅल्यूवर असतो, बाजारभावावर नाही. आयटीसीची फेस व्हॅल्यू १ रुपया, म्हणून ७८५% म्हणजे ७.८५ रुपये, बस्स. आणि इंटेरिम फेब्रुवारीच्या आसपास मिळतो, फायनल वर्ष संपल्यावर उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाळ्यात, त्यामुळे बँकेच्या पासबुकातून बेरीज केली तर २०२३-२४ चा फायनल ७.५० आणि २०२४-२५ चा इंटेरिम ६.५० मिळून १४ येतात, जे कुठल्याच एका वर्षाचे नाहीत. ज्या वर्षाच्या नफ्यातून जाहीर झाला त्या वर्षाला डिव्हिडंड लावा.

r मध्ये एफडीचा दर

D0 आणि g नीट झाले, तर साहेबांनी r बदलला. "मला एफडीत सात टक्के मिळतात, सातच्या वर काहीही मिळालं तर मी खूश." g पण ७. खाली सात वजा सात, शून्य, आणि उत्तर आलं #DIV/0!.

एफडीत मुद्दल परत मिळायची खात्री असते, शेअरमध्ये नसते, सरकारने सिगारेटवरचा टॅक्स वाढवला की नफ्याला धक्का बसू शकतो, मग त्या भीतीची किंमत r मध्ये यायला नको? सोपी पद्धत म्हणजे दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घ्यायचा, २०२५ च्या मध्याला तो सव्वासहा-साडेसहाच्या आसपास होता, आणि त्यावर शेअरच्या जोखमीचे चार-पाच टक्के. आयटीसी बाजारापेक्षा कमी हलतो म्हणून थोडे कमी, जास्त हलत असता तर सहा-सात. मी ११% धरतो, कुणी १०.५ धरेल, कुणी १२, यावर भांडण करण्यात अर्थ नाही. पण हे आधी ठरवा आणि मग किंमत बघा, किंमत बघून r ठरवला की खेळ संपला.

कारण हे बघा. D0 १४.३५ आणि g ७% तसाच ठेवून r १२ केला तर किंमत ३०७, ११ केला तर ३८४, १० केला तर ५१२. आता r ११ ठेवून g हलवा, ६ ला ३०४, ७ ला ३८४, ८ ला ५१७. एकेका टक्क्यावर पाऊणशे ते सव्वाशेहून जास्त रुपये इकडे तिकडे! खाली r वजा g एवढा छोटा आकडा असला की असंच होणार. माझा साधा नियम, r आणि g मधलं अंतर ४ टक्क्यांपेक्षा कमी झालं की त्या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही, मग ते कितीही गोड असो.

कायमचे सात टक्के? पैसा कुठून येणार?

ही चूक सगळ्यात कमी पकडली जाते कारण शीट काही तक्रार करत नाही. ७.२ टक्के हा गेल्या पाच वर्षांचा इतिहास आहे. सूत्रात g म्हणजे कायम, अगदी कायम, तुमच्या नातवंडांच्या नंतरही. कंपनी वाढायची तर नफ्यातला काही भाग धंद्यात परत घालावा लागतो, त्याचा अंदाज असा काढतात:

```
g = ROE * (1 - payout)
```

आरओई म्हणजे भागधारकांच्या पैशावर कंपनी किती टक्के कमावते. आयटीसीचा २८-२९ टक्क्यांच्या घरात आहे, उत्तमच. पण १६ पैकी १४.३५ वाटून टाकले तर वाटा झाला ९० टक्के, हातात राहिले १०, आणि २९ चे १० टक्के म्हणजे वाढ ३ टक्क्यांच्याही आत. धोरणाप्रमाणे ८५ टक्के वाटा धरला तरी सव्वाचारच्या आसपास. याच वाट्यावर ७ टक्के हवे असतील तर आरओई ४७ लागेल. म्हणजे भाऊ एकाच वेळी म्हणत होता की कंपनी जवळजवळ सगळा नफा मला देणार आणि वर जोरात वाढणार पण. दोन्ही लाडू हातात.

आता याला एक खरी पळवाट आहे, सिगारेटवाल्या कंपन्या नवीन कारखाना न घालताही किंमत वाढवून नफा वाढवतात, त्यामुळे हे सूत्र त्यांना थोडा अन्याय करतं. म्हणून मी ३ वर न थांबता लांब पल्ल्याला ५ धरतो, रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ आहे, त्यावर एक. सात नाही.

आणि इथे एक खास २०२४-२५ चा खड्डा आहे, ज्यात भाऊ पडलाच. त्याने एका साइटवरून ईपीएस घेतला, तो होता २८ च्या आसपास. मग वाटा आला ५१ टक्के, उरले ४९, g भलताच मोठा. झालं काय होतं, जानेवारी २०२५ मध्ये हॉटेलचा धंदा वेगळा होऊन आयटीसी हॉटेल्स झाली, आणि त्या व्यवहाराचा १५ हजार कोटींहून जास्तीचा एकदाच होणारा हिशेबी फायदा नफ्यात बसला. ते पैसे काही गल्ल्यात आले नाहीत. नफा एका वर्षात अचानक दीड-पावणेदोन पट दिसला की आधी रिझल्टमध्ये एक्सेप्शनल आयटम आणि बंद झालेल्या धंद्याची ओळ वाचायची, चालू धंद्याचा नफा वेगळा दिलेला असतो, तोच घ्यायचा.

दोन टप्पे केले आणि उत्तर "जुळलं"

मग मी सुचवलं, पाच वर्षं ७ टक्के आणि त्यानंतर कायम ५ टक्के, r ११. याला टू-स्टेज म्हणतात. डिव्हिडंड असे येतात, १५.३५, १६.४३, १७.५८, १८.८१, २०.१३. सहाव्या वर्षीचा २१.१३, त्याला ६ टक्क्यांनी (११ वजा ५) भागलं की ३५२. ही पाचव्या वर्षाच्या शेवटी असलेली किंमत.

पंधरा मिनिटांत त्याचा फोन, आवाजात विजय, "दादा, ४१६ आली! मार्केटला ४१५ आहे, मॉडेल परफेक्ट!"

मला लगेच शंका आली, कारण गॉर्डनने ७ टक्के कायम धरून ३८४ येत होते, आता वाढ कमी केल्यावर किंमत वाढेल कशी? ही तपासणी लक्षात ठेवा, एक आकडा हलवला की उत्तर कुठल्या दिशेने जायला हवं हे आधी मनाशी म्हणायचं. शीट उघडली तर पाच डिव्हिडंड त्याने आजच्या किमतीत आणले होते, त्यांची बेरीज ६४, पण ते ३५२ तसेच मिळवले होते. ३५२ हे पाच वर्षांनंतरचे रुपये आहेत, त्यांना 1.11^5 ने, म्हणजे १.६८५ ने, भागायला हवं. भागले की २०९. बेरीज २७३.

आणि भागायचं पाच वर्षांनी, सहाने नाही. सहाव्या वर्षीचा डिव्हिडंड वापरला म्हणून सहा वर्षं मागे आणायचं असं वाटतं, पण सूत्र मुळातच किंमत एक वर्ष आधीची देतं. सहाने भागलं तर २५३ येतात, वीस रुपये उगाच गेले. ४१६ हा निव्वळ योगायोग होता, आणि उत्तर बाजाराला जुळल्यामुळेच तो ते तपासणार नव्हता.

आणखी एक गोष्ट, २७३ पैकी २०९, म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त, त्या शेवटच्या आकड्यातून येतात. पहिल्या पाच वर्षांचे डिव्हिडंड पैशापर्यंत बरोबर काढत बसण्यापेक्षा ते ५ टक्के पुन्हा एकदा नीट बघितलेले बरे.

एवढं झाल्यावर त्याने तीच शीट एमआरएफला लावली. २०२३-२४ चा डिव्हिडंड २०० रुपये, तेच ११ आणि ७, किंमत आली ५,३५०, आणि शेअर लाखाच्या वर. "वीस पट महाग आहे!" अरे बाबा, त्यांनी नफ्याच्या चार टक्के फक्त वाटलाय, बाकी सगळा धंद्यात घातलाय. जिथे डिव्हिडंडवरून कंपनीची कमाई कळतच नाही तिथे डिव्हिडंडवरून किंमत काढायची नाही, तिथे रोख प्रवाहाचं वेगळं मॉडेल लागतं. वाटा अर्ध्याच्या खाली असेल तर मी ही शीट उघडतच नाही.

मग २७३ चं करायचं काय?

त्याचा पुढचा प्रश्न हाच होता, की २७३ खरी किंमत असेल तर ४१५ ला घेणारे सगळे मूर्ख का? माझं म्हणणं असं की शीट उलटी चालवा. किंमत ४१५ टाका आणि विचारा की ही किंमत बरोबर ठरायला काय खरं असावं लागेल. r ११ ठेवून कायमचा एकच g काढायचा तर:

```
g = (P*r - D0) / (P + D0)
```

उत्तर ७.३ टक्के, कायमचे. नफ्याचा ९० टक्के वाटा देत असताना. किंवा माझी वाढ, पाच वर्षं ७ आणि मग ५, तशीच ठेवून r कमी करत गेलं की साधारण ९ टक्क्यांना किंमत ४१५ च्या जवळ येते. म्हणजे ४१५ देणारा माणूस मूर्ख नाही, तो एवढंच म्हणतोय की मला या शेअरमधून वर्षाला नऊ टक्के मिळाले तरी चालतील, कदाचित धंदा स्थिर वाटतो म्हणून, कदाचित नियमित डिव्हिडंड हवा म्हणून. त्या नवातून पुन्हा डिव्हिडंडवरचा टॅक्स स्लॅबप्रमाणे जाणार, ३० टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला १४.३५ पैकी सेस धरून ९.८७ च उरतात, आणि निवृत्त आईवडिलांच्या नावावर असेल तर कदाचित सगळेच. टॅक्स कापून हिशेब करायचा असेल तर r पण टॅक्स कापलेलाच घ्या, एक कापलेला आणि एक न कापलेला असं नको.

भावाने विचार करून सांगितलं की त्याला नऊ चालणार नाहीत, अकराच हवेत. मी म्हटलं मग थांब. मे महिन्यात रिझल्टबरोबर फायनल डिव्हिडंड जाहीर झाला की D0 चा सेल बदल, स्पेशल असेल तर वेगळ्या रांगेत टाक, आणि g च्या सेलला मी पासवर्ड लावलाय.